टोचलेला कान पिकला तर: पाळीची सूज, पू आणि फिरकी

टोचलेल्या कानाच्या पाळीला सूज आली, पू दिसू लागला, की घरात पहिली सूचना येते ती ‘आधी ते कानातलं काढून टाका’ अशी. बहुतेक वेळा नेमकं हेच करायचं नसतं. टोचलेलं भोक म्हणजे पाळीतून आरपार गेलेली, जेमतेम एक मिलिमीटर रुंदीची नळी. ती नवी असताना तिला आतून स्वतःची कातडी आलेली नसते, नुसती ओली जखम असते. अशा वेळी कानातलं काढलं तर नळीची दोन्ही तोंडं काही तासांत चिकटतात आणि आतला पू आतच कोंडतो. बाहेर वाहणारा पू धुऊन काढता येतो. आत कोंडलेल्या पूचं गळू होतं आणि ते डॉक्टरांना चिरून काढावं लागतं. कानातल्याची दांडी पूला बाहेर यायची वाट उघडी ठेवते, म्हणून पाळीचा साधा संसर्ग असेल तर कानातलं जागेवर ठेवूनच उपचार करतात. त्याला अपवाद आहेत, ते पुढे येतील.

हा लेख कानाच्या पाळीबद्दल आहे. म्हणजे खालचा मऊ, मांसल भाग, आणि तोही गेल्या सहा-आठ आठवड्यांत टोचलेला. वरच्या कडक भागाचं प्रकरण निराळं आणि जास्त गंभीर आहे. त्याबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे. बुगडी किंवा भिकबाळीसाठी टोचलेला कान दुखत असेल तर आधी तोच भाग वाचा.

पिकलाय की नुसता बरा होतोय?

टोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस पाळी थोडी सुजते, गरम लागते, हात लागला की दुखते. भोकातून पाण्यासारखी किंवा फिकट पिवळी लस येते आणि दांडीभोवती तिची खपली धरते. हा पू नाही, जखम भरण्याचाच तो भाग आहे. ही खपली अनेकदा तीन-चार आठवडे येत राहते, त्याने घाबरायचं कारण नाही.

संसर्ग ओळखायचा तो त्याच्या दिशेवरून. बरा होणारा कान दिवसागणिक शांत होत जातो, पिकणारा कान आधी शांत होऊन पुन्हा चढतो. तिसऱ्या दिवशी ठीक वाटलेली पाळी पाचव्या-सहाव्या दिवशी ठणकायला लागली, रात्री त्या कुशीवर झोपवेना, दाबल्यावर घट्ट पिवळा किंवा हिरवट स्राव आला, त्याला वास असला, की तो पू समजा. गोऱ्या कातडीवर लाली चटकन दिसते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती नीट दिसत नाही. तिथे पाळी जांभळट-काळसर होते, ताणल्यासारखी चकाकते. अशा वेळी डोळ्यांपेक्षा हाताचा भरवसा धरा. हाताच्या बोटाची मागची बाजू आधी चांगल्या कानाला आणि मग दुखऱ्या कानाला टेकवा, उष्णतेतला फरक लगेच कळतो.

दोन गोष्टींची पूशी गल्लत होते. पहिली म्हणजे धातूची ॲलर्जी, बहुधा निकेलची. यात ठणक्यापेक्षा खाज जास्त असते, कातडी कोरडी पडून सोलते किंवा बारीक पुरळ येऊन पाझरते, आणि बहुतेक वेळा दोन्ही कानांना एकदमच होतं. बदललेलं कानातलं घातल्यावर सुरू झालं आणि काढल्यावर कमी झालं, तर ॲलर्जीच धरून चाला. इथे मात्र कानातलं बदलावंच लागतं, नुसतं धुऊन भागत नाही. दुसरी गोष्ट जुन्या भोकांची. कित्येक वर्षांपूर्वी टोचलेल्या भोकातून पांढरट, चिकट, वास मारणारा मळ निघतो. तो मेलेली कातडी आणि तेलकट स्राव यांचा असतो. दुखणं नाही, सूज नाही, तर तो संसर्ग नाही. कानातली उतरवून कान आणि दांडी दोन्ही साबणाने धुतलं की झालं.

पहिलं काम: फिरकी सैल करा

औषधाचा विचार करण्याआधी पाळीच्या मागे बघा. नव्याने टोचलेल्या कानाला जे होतं त्यातलं बरंचसं फिरकी घट्ट असल्यामुळे होतं. सोनार किंवा पार्लरवाले कानातलं पडू नये म्हणून फिरकी पाळीला टेकेपर्यंत आवळतात. दुसऱ्या दिवशी पाळी सुजते आणि जाड होते, पण दांडीची लांबी तेवढीच राहते. पुढचं फूल आणि मागची फिरकी यांच्यात पाळी चिमट्यात सापडते. तिथलं रक्ताभिसरण मंदावतं, लस बाहेर यायला वाट राहत नाही, आणि जंतूंना ओली, उबदार, बंद जागा मिळते. तशीच ठेवली तर फिरकी कातडीत रुतते.

पाळी आणि फिरकी यांच्यात तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी, म्हणजे साधारण दोन मिलिमीटर, मोकळी जागा हवी. कानातलं पुढे-मागे किंचित सरकलं पाहिजे.

सैल करताना घाई करू नका. सुकलेली लस आट्यांमध्ये शिरून सिमेंटसारखी घट्ट बसलेली असते आणि तशीच फिरवली तर ती ओल्या जखमेतून करवतीसारखी फिरते. आधी खाली सांगितल्याप्रमाणे कोमट मिठाच्या पाण्याने दहा मिनिटं शेकून खपली मऊ करा. मग एका हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने पुढचं फूल घट्ट धरून ठेवा. ते फिरता कामा नये, कारण ते फिरलं की दांडीही आत फिरते. दुसऱ्या हाताने मागची फिरकी, मागून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, एक-दोन आटे फिरवा. पूर्ण काढू नका. बंदुकीने टोचलेल्या कानात बहुधा आट्यांऐवजी फुलपाखराच्या पंखांसारखी दाबून बसवायची फिरकी असते. ती न फिरवता सरळ मागे ओढून दांडीच्या टोकाजवळच्या खाचेपर्यंत आणायची.

दहा मिनिटं शेकूनही हलली नाही तर ओढाताण करू नका, डॉक्टरांकडे जा. पाळीच्या मागे फिरकी दिसतच नसेल, नुसती गाठ लागत असेल किंवा पुढचं फूल अर्धं कातडीत गेलेलं असेल, तर घरी हात लावायचाच नाही. ते भूल देऊन सोडवायचं काम आहे.

धुणं, दिवसातून तीन वेळा

लागणारं पाणी म्हणजे सलाईन. औषधाच्या दुकानात ‘नॉर्मल सलाईन’ म्हणून 100 मिलीची बाटली मिळते. त्यात 0.9 टक्के मीठ असतं, म्हणजे जवळपास आपल्या शरीरातल्या द्रवांइतकंच, म्हणून ते झोंबत नाही. बाटली एकदा उघडली की दिवसभर वापरा, उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकून द्या. ते मिळालं नाही तर एक पेला, म्हणजे 200 मिली पाणी पाच मिनिटं उकळा आणि त्यात चहाच्या चमच्याने सपाट पाव चमचा साधं मीठ विरघळवा. हे रोज ताजं करा. मीठ वाढवलं म्हणजे लवकर बरं होईल, असं नाही. जास्त खारट पाणी नव्या कातडीला कोरडं पाडतं, तिला चिरा जातात आणि जखम मागे पडते.

मग असं करा:

1. हात साबणाने वीस सेकंद धुवा, नखांखालूनही. केस वर बांधा.
2. सलाईन कोमट करा. मनगटाच्या आतल्या बाजूला सहज सोसवेल इतपतच. पाळीची कातडी पातळ असते आणि सुजलेली असताना भाजलेलं लवकर कळत नाही.
3. निर्जंतुक गॉजचा तुकडा भिजवून पाळीच्या पुढून-मागून एकदमच धरा, बोटांच्या चिमटीत धरल्यासारखा, पण न दाबता. गार झाला की पुन्हा भिजवा. असं दहा मिनिटं करा.
4. सुटलेली खपली आणि पू ओल्या गॉजने दांडीपासून बाहेरच्या दिशेने पुसा. पुढच्या बाजूला एक तुकडा, मागच्या बाजूला दुसरा. न सुटलेली खपली नखाने खरवडू नका, पुढच्या वेळी सुटेल.
5. कोरड्या गॉजने टिपून घ्या. फिरकीच्या मागची ओल राहून जाते, ती आठवणीने टिपा.
6. वापरलेले तुकडे पिशवीत बांधून टाका आणि हात पुन्हा धुवा.

कापूस टाळायचं कारण साधं आहे. त्याचे तंतू फिरकीच्या आट्यांत अडकतात आणि जखमेत राहतात.

या सगळ्यात एक गोष्ट कुठेही आलेली नाही, ती म्हणजे कानातलं गोल फिरवणं. ‘चिकटू नये म्हणून रोज फिरवत राहा’ हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. पण दर वेळी फिरवताना आत नुकती धरू लागलेली कातडी फाटते आणि दांडीवरचा मळ, खपलीचे कण भोकात ओढले जातात. दांडीला आटे असतील तर आणखीच. शेकल्यावर कानातलं किंचित पुढे-मागे हलतंय, एवढं पाहिलं की पुरे.

पू पिळून काढायचाही नाही. पिळल्याने जेवढा बाहेर येतो तेवढाच आजूबाजूच्या मांसात ढकलला जातो. शेकल्यावर आपोआप येईल तो येऊ द्या.

काय लावू नये, आणि का

हळद आणि कोमट खोबरेल तेल हा उपाय ज्या प्रेमाने केला जातो ते समजतं, पण पू असलेल्या भोकावर तो उलटतो. तेल दांडीभोवती थर धरतं, त्यावर धूळ आणि केसांचा मळ बसतो आणि पूची वाट बुजते. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. शिवाय तिच्या पिवळेपणात लाली किती पसरली ते दिसेनासं होतं, आणि तेच तर बघायचं असतं. चुना आणि टूथपेस्ट कातडी भाजतात. भोक बुजू नये म्हणून कडुलिंबाची काडी घालण्याची पद्धत आहे. पिकलेल्या भोकात ती नकोच. ती कितीही ताजी असली तरी तिचे तंतू सुटतात आणि ती उकळून निर्जंतुक राहत नाही.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि न मिसळलेलं डेटॉल किंवा सॅव्हलॉन यांनी जंतू मरतात हे खरं. पण जखम भरणाऱ्या नव्या पेशीही मरतात. फेस आला, झोंबलं, म्हणजे काम झालं असं वाटतं, प्रत्यक्षात जखम ओलीच राहते.

मलमांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे सर्वांत जास्त चुका होतात. दुकानात ‘कान पिकलाय’ म्हटलं की अनेकदा जी ट्यूब हातात येते तिच्यात प्रतिजैविक, बुरशीनाशक आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत लाली आणि सूज उतरते, घरातले निर्धास्त होतात. प्रत्यक्षात स्टेरॉइडने शरीराची लढण्याची ताकद तिथल्या तिथे दडपलेली असते आणि आत जंतू वाढत राहतात. ट्यूबवरच्या घटकांत क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी नाव असेल तर ती पिकलेल्या कानाला लावू नका. निओमायसिन असलेल्या मलमांनी आणि पावडरींनी काहींना ॲलर्जी होते. मग खाज आणि पुरळ वाढतं आणि संसर्गच वाढला असं वाटून मलम अधिकच चोपडलं जातं.

डॉक्टर पाळीच्या साध्या संसर्गाला बहुधा म्युपिरोसिन 2 टक्के किंवा फ्युसिडिक ॲसिडचं मलम देतात. ते धुऊन, टिपून झाल्यावर, दांडीच्या मुळाशी पुढून-मागून मसुराच्या दाण्याएवढंच, पातळ पसरून लावायचं. जाड थराने पुन्हा तीच वाट बुजते.

दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालतं. मुलांना वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये निदान सहा तास, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. पण डोस देण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा. नाहीतर गोळीने ताप झाकला जातो आणि डॉक्टरांना सांगायला काही उरत नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला मात्र विचारल्याशिवाय काहीच देऊ नका.

एक उदाहरण, दिवसावार

दहा वर्षांची मुलगी, वजन 28 किलो. रविवारी सोनाराकडे कान टोचले, 22 कॅरेटचे टॉप्स, आट्यांची फिरकी. बुधवारपर्यंत सगळं ठीक. गुरुवारी शाळेतून आल्यावर उजवा कान ठणकतोय, शुक्रवारी सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग. पाळी डाव्या कानाच्या दीडपट, चकाकणारी. मागे पाहिलं तर फिरकीभोवतीची कातडी फुगून तिची कड झाकू लागलेली. ताप 98.8 फॅरनहाइट, म्हणजे नाही. कानाचा वरचा भाग दाबल्यावर दुखत नाही. कानामागे, मानेत गाठ नाही.

हा घरी सुरुवात करता येण्याजोगा कान आहे, कारण सूज पाळीपुरती आहे, ताप नाही आणि फिरकी अजून दिसते आहे. शुक्रवारी सकाळी आठ वाजता शेकून फिरकी दोन आटे सैल केली. त्याबरोबर मागून पूचा एक थेंब आला आणि ठणका तासाभरात निम्मा झाला. हे नेहमी घडतं आणि त्यावरून कळतं की दुखणं बरंचसं दाबाचं होतं. मग बॉलपेनाने लालीच्या कडेवर, पाळी जिथे गालाला मिळते तिथे, बारीक रेघ ओढली आणि बाजूला फोटो काढून ठेवला. ही रेघ महत्त्वाची. ‘कालच्यापेक्षा बरं वाटतंय का’ या प्रश्नाला घरातले तिघे तीन उत्तरं देतात, रेघ मात्र एकच उत्तर देते.

रात्री झोपण्याआधी तिसऱ्यांदा धुतलं तेव्हा पॅरासिटामॉल 300 मिलिग्रॅम दिलं. उशीला रोज धुतलेला अभ्रा, झोप डाव्या कुशीवर. शाळेसाठी वेण्या कानावरून न घेता मागे बांधल्या. केसांना तेल लावणं बंद.

शनिवारी सकाळी पू तेवढाच, पण सूज जरा मऊ आणि लाली रेघेच्या आतच. रविवारी सकाळी, म्हणजे 48 तासांनी, पूऐवजी फिकट लस, पाळी डावीपेक्षा थोडीच मोठी, बोट टेकवल्यावर उष्णतेतला फरक नाहीसा. इथे घरचा उपचार पुरा पडला. तरी धुणं लगेच थांबवायचं नाही. स्राव पूर्ण थांबेपर्यंत दिवसातून दोनदा, आणि त्यापुढे आणखी आठवडाभर एकदा.

आता तेच दुसऱ्या बाजूने पाहा. शनिवारी संध्याकाळी लाली रेघ ओलांडून गालावर आली असती, किंवा रविवारी सकाळी पू तेवढाच राहिला असता, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं होतं. 48 तास ही सुधारणा दिसण्याची मर्यादा आहे. पूर्ण बरं व्हायला आठवडा लागू शकतो.

डॉक्टरांकडे कधी, कोणत्या

त्याच दिवशी जायचं ते अशा वेळी: ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त, लाली पाळी सोडून गालावर, मानेवर किंवा कानामागे पसरतेय, पाळीत दाबल्यावर पाणी भरल्यासारखी डुगडुगणारी गाठ आहे, म्हणजे आत गळू धरलं आहे, कानातलं रुतलंय, किंवा कानामागे, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आल्यात. मधुमेह असणाऱ्यांनी, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी घेणाऱ्यांनी घरी 48 तास थांबूच नये. त्यांच्यात पसरायला वेळ लागत नाही. तान्ह्या बाळांचंही तसंच. आपल्याकडे बाराव्या दिवशी, बारशाच्या सुमाराला कान टोचण्याची पद्धत आहे. एवढ्या लहान बाळाचा कान पिकला आणि ते नीट पीत नसेल, सुस्त पडलं असेल किंवा अंग गरम लागत असेल, तर रात्र असली तरी थांबू नका.

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करायला हरकत नाही, मूल असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे. गळू, रुतलेलं कानातलं किंवा कानाचा वरचा भाग असेल तर सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञ. खाज, पुरळ, वाढत जाणारी कडक गाठ यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ. ही कडक गाठ म्हणजे बहुधा केलॉइड. ती टोचल्यानंतर काही महिन्यांनी येते, तिच्यात पू नसतो आणि ती भोकाच्या कडेबाहेर वाढत जाते. ती कुणाकडून कापून घेऊ नका. नुसती कापलेली केलॉइड बरेचदा आधीपेक्षा मोठी होऊन परत येते.

जाताना तीन गोष्टी सोबत ठेवा: टोचल्याची तारीख, आतापर्यंत लावलेल्या मलमाची ट्यूब, आणि धनुर्वाताच्या शेवटच्या लसीची नोंद. मुलांच्या लसीकरण कार्डावर 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीत, पुढच्या डीपीटीत आणि 10 व 16 वर्षांच्या टीडीत ती येते. मोठ्यांनी ती दहा वर्षांत घेतलेली नसेल तर तसं सांगावं. बाराव्या दिवशी कान टोचलेल्या बाळाची ही लस सुरूच झालेली नसते, म्हणून तिथे आईला गरोदरपणात टीडी मिळाली होती का, हे विचारलं जातं.

पोटात घ्यायची प्रतिजैविकं दिली तर पाळी दोन दिवसांत उतरली तरी सांगितलेले सगळे दिवस घ्या. पू पुन्हा-पुन्हा येत असेल तर डॉक्टर त्याचा नमुना तपासायला पाठवतात. पाळीच्या संसर्गात बहुधा आपल्याच कातडीवर राहणारे स्टॅफिलोकॉकस जंतू सापडतात आणि त्यांतल्या काहींवर नेहमीची औषधं चालत नाहीत. कोणतं चालेल ते त्या तपासणीतून कळतं.

वरचा कडक भाग

कानाचा वरचा भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. तिथे पू झाला की आवरण कूर्चेपासून सुटतं, पोषण थांबतं आणि कूर्चा विरघळते. कान बरा झाला तरी आकसून, सुरकुतून राहतो. इथे बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाचे जंतू असतात आणि पाळीला देतात ती नेहमीची औषधं त्यांच्यावर काम करत नाहीत.

ओळखायची खूण सोपी आहे: कान लाल, सुजलेला, हात लावू देत नाही, पण पाळी मात्र साधी. पाळीत कूर्चा नसते, म्हणून ती वाचते. असा कान दिसला की घरचे प्रयोग नकोत, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

कानात काय असावं

ॲलर्जीमुळे किंवा डॉक्टरांनी सांगितल्यामुळे कानातलं बदलायची वेळ आली तर दोन गोष्टी पाहा, धातू आणि दांडी.

धातूमध्ये शरीरात बसवण्याच्या प्रतीचं टिटॅनियम सर्वांत निर्धोक, त्यात निकेल नसतं. 22 कॅरेट सोन्यात 91.6 टक्के सोनं असतं आणि बाकी मुख्यतः तांबं-चांदी, म्हणून ते बहुतेकांना चालतं. अडचण अशी की 2 ग्रॅमखालच्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही आणि लहान मुलांचे टॉप्स जवळपास नेहमीच त्यापेक्षा हलके असतात. फूल चांगल्या सोन्याचं आणि दांडी किंवा फिरकी हलक्या कसाची, असंही होतं. आणि कातडीच्या आत राहते ती दांडी. म्हणून घेताना दांडी आणि फिरकी किती कॅरेटची आहे ते वेगळं विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. सर्जिकल स्टीलमध्ये निकेल असतं. ते घट्ट बांधलेलं असल्याने बहुतेकांना त्रास होत नाही, पण ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांना होऊ शकतो. एक ग्रॅमचे दागिने, मुलामा दिलेले, ऑक्सिडाइज्ड, हे सगळं ओल्या भोकात नको. आत पितळ किंवा तांबं असतं आणि घामाने वरचा थर निघाला की तेच कातडीला लागतं. चांदीही नव्या भोकात नको. तिचे कण कातडीत बसून काळा डाग कायमचा राहू शकतो.

दांडी गुळगुळीत हवी, निदान पाळीच्या आत राहणारा भाग तरी. पूर्ण लांबीभर आटे असलेल्या दांडीत लस आणि मळ अडकून बसतो. भिंगाखाली धरून पाहिलीत तर धुतल्यानंतरही आट्यांच्या तळाशी पिवळी रेघ दिसते. आटे फक्त टोकाला असलेली दांडी सोनार करून देतात, तशी मागा. लांबी सुजलेल्या पाळीच्या जाडीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त, आणि लोंबणारं काही नको. डूल आणि रिंगा केसांत, ओढणीत, हेल्मेटच्या पट्ट्यात अडकतात. सहा आठवडे पोहणं, विहीर-नदीत डुंबणंही बंद.

बदलायचं असेल तर नवं कानातलं आधी साबणाने धुऊन, सलाईनमध्ये बुडवून हाताशी ठेवा आणि जुनं काढल्यावर लगेच घाला. पहिल्या सहा आठवड्यांत हे घरी करू नका, भोकाची वाट चुकली तर दांडी बाजूच्या मांसात घुसते.

कानातलं काढावंच लागलं आणि भोक बुजलं, तर पुन्हा टोचायला किमान तीन महिने थांबा. पाळी चिमटीत धरून पाहा. आत कडक गाठ लागत असेल तर अजून वेळ द्या. दुसऱ्यांदा टोचताना जुन्या वणाच्या शेजारून टोचायला सांगा, आणि सुई नवी, बंद पाकिटातली, तुमच्यासमोर उघडलेली असू द्या.